हॉलमधले फिटिंग बदलूनही उजेड अपुरा पडतो आणि बल्ब वारंवार जातात: कारणे आणि उपाय

सोलापुरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या किंवा जुन्या घराचे रंगकाम करून घेतलेल्या कुटुंबांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. हॉलच्या छताला दिसायला सुरेख असे फिटिंग बसवले, त्यात नवे बल्ब लावले, तरी पूर्वी भिंतीवरच्या एका ट्यूबलाइटने जेवढे लख्ख दिसत होते तेवढेही आता दिसत नाही. काही महिने गेले की एखादा बल्ब लुकलुकू लागतो किंवा बंद पडतो, आणि त्याच्या जागी आणलेला बल्ब बाकीच्यांपेक्षा निळसर दिसतो. शेवटी कंटाळून फिटिंगच बदलले जाते आणि हाच त्रास नव्या फिटिंगसह पुन्हा सुरू होतो. घरगुती वायरिंगच्या कामात मी जे पाहत आलो आहे त्यावरून सांगतो की अशा घरांत फिटिंग क्वचितच सदोष असते. दोष निवडीच्या पद्धतीत असतो, कारण फिटिंग रूपावरून निवडले जाते, बल्ब वॉटवरून घेतला जातो आणि होल्डर कोणता आहे हे घरी आल्यावर, स्टुलावर चढल्यावर कळते.

जुळे सोलापुरातील एका घराचे उदाहरण घेऊ, कारण त्यात हे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी आले होते. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, अकरा फूट बाय पंधरा फुटांचा हॉल, छताच्या मधोमध पंखा आणि सोफ्याच्या बाजूला लाकडी पट्टीवर खाली तोंड केलेल्या, दुधी काचेच्या तीन वाट्यांचे फिटिंग. वाट्या खालून उघड्या होत्या. पूर्वी याच हॉलमध्ये ३६ वॉटची एक साधी ट्यूब होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. नव्या फिटिंगमध्ये पाच-पाच वॉटचे तीन एलईडी बल्ब होते. त्यांतले दोन पिवळसर होते, तर एक नंतर आणलेला पांढराशुभ्र होता. मधल्या वाटीतला बल्ब तर दर काही महिन्यांनी जात असे.

आधी होल्डर पाहावा

आपल्याकडच्या घरांत शतकभर जो होल्डर चालत आला आहे तो पिनचा, म्हणजे बी-२२. बल्बच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या टोपीचा व्यास २२ मिलिमीटर असतो, तिच्या दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात, आणि बल्ब दाबून थोडा फिरवला की तो अडकतो. याउलट, अलीकडे बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी बरीचशी सजावटीची फिटिंगे आट्यांच्या होल्डरची असतात. त्याला ई-२७ म्हणतात आणि त्याच्या आट्यांचा व्यास २७ मिलिमीटर असतो. झुंबरातले मेणबत्तीच्या आकाराचे छोटे बल्ब बहुधा ई-१४ चे, म्हणजे १४ मिलिमीटरच्या आट्यांचे असतात. छतात खोचलेल्या स्पॉटलाइटमध्ये जाड, बुटक्या दोन पायांचा जीयू-१० असतो आणि तो थेट २३० व्होल्टवर चालतो, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पण सुईसारख्या बारीक पायांच्या एमआर-१६ बल्बला १२ व्होल्ट लागतात आणि त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा वेगळा ड्रायव्हर लागतो. हॉलच्या छतासाठी यांपैकी पहिल्या दोघांतला फरक समजला तरी बहुतेक अडचणी सुटतात.

घरात पिनच्या बल्बांचा साठा असतो, फिटिंग आट्यांचे निघते आणि मग दुकानातून कन्व्हर्टर आणला जातो. वरील घरात तिन्ही वाट्यांमध्ये असे कन्व्हर्टर बसवलेले होते. तात्पुरत्या सोयीला माझा विरोध नाही, पण छताच्या फिटिंगमध्ये कन्व्हर्टर कायमचा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर त्यामुळे बल्ब काही सेंटिमीटर खाली उतरतो, वाटीच्या काठाबाहेर डोकावतो आणि सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांत थेट खुपतो. दुसरे म्हणजे एका जोडाच्या जागी दोन जोड होतात. पंख्याच्या हादऱ्याने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने त्यांतला एखादा सैल होतो आणि त्या जागी बारीक ठिणगी उडू लागते. मधल्या वाटीतला कन्व्हर्टर काढून उजेडात पाहिला तेव्हा त्याच्या तळाच्या शिशाच्या ठिपक्यावर टोकदार काळा खड्डा पडलेला होता, आणि फिटिंगच्या होल्डरमध्ये मधोमध असलेली पितळी जीभ पार चपटी होऊन तळाला टेकलेली होती. बल्ब घट्ट बसावा म्हणून कोणीतरी तो जोर लावून पिळला होता आणि त्याच दाबाने ती जीभ आपली उसळी गमावून बसली होती. अशा होल्डरमध्ये कितीही चांगल्या कंपनीचा बल्ब घातला तरी तो टिकणार नाही.

यावरून एक सोपी कसोटी हाती लागते. एकाच फिटिंगमधल्या वेगवेगळ्या जागांवरचे बल्ब जात असतील, तर बल्बांवर किंवा उष्णतेवर संशय घ्यावा. पण एकाच जागेवरचा बल्ब पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष त्या होल्डरचा समजावा. ‘गेलेला’ बल्ब फेकण्यापूर्वी दुसऱ्या खोलीतल्या तशाच होल्डरमध्ये लावून पाहावा. तिथे तो व्यवस्थित लागला, तर निदान तिथेच पूर्ण झाले.

आट्यांच्या होल्डरबाबत सुरक्षिततेचा एक मुद्दा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. पिनच्या होल्डरमध्ये फेज आणि न्यूट्रल कोणत्या टोकाला जोडले याने फारसा फरक पडत नाही. आट्यांच्या होल्डरमध्ये मात्र फेज मधल्या जिभेलाच आणि न्यूट्रल आट्यांच्या कवचाला जोडलेला असला पाहिजे, कारण बल्ब पिळताना बोटे त्याच्या धातूच्या आट्यांना सहज लागू शकतात. बाहेरून आलेल्या फिटिंगच्या वायरींवर खूण नसली की घाईत त्या उलट जोडल्या जातात. बल्ब तरीही लागतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. वायरमनकडून हे टेस्टरने तपासून घ्यावे, आणि फक्त भिंतीवरचे बटण बंद करून होल्डरमध्ये हात घालू नये. त्या खोलीचा एमसीबी खाली करूनच काम करावे. आपल्या या उदाहरणात तीनपैकी दोन होल्डर उलटे जोडलेले होते.

उजेड कमी का पडला

वॉट हा विजेच्या वापराचा आकडा आहे आणि ल्युमेन हा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा. जुन्या पिवळ्या बल्बांच्या काळात सगळे बल्ब एकाच पद्धतीने जळत, म्हणून साठ वॉट म्हटले की किती उजेड पडेल ते सांगता येत होते. एलईडीत ते तितके नेमके राहिले नाही. आज बाजारातल्या बऱ्याच बल्बांना एका वॉटमागे साधारण शंभर ल्युमेन मिळतात, म्हणजे पाच वॉटचा बल्ब साडेचारशे ते पाचशे आणि नऊ वॉटचा सुमारे नऊशे ल्युमेन देतो. पण एकाच वॉटच्या दोन खोक्यांवर वेगवेगळे आकडे छापलेले दिसतात. त्यामुळे खोक्याच्या दर्शनी बाजूचा मोठा वॉटचा आकडा सोडून बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेला ल्युमेनचा आकडा वाचावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल असेल, तर त्यावर एका वॉटमागे किती ल्युमेन हेही दिलेले असते.

आता त्या घराचा हिशेब मांडू. ३६ वॉटची जुनी ट्यूब साधारण अडीच हजार ल्युमेन देत होती, तिच्यावर काच नव्हती आणि ती फिक्या रंगाच्या भिंतीला लागून असल्यामुळे भिंतच प्रकाश परतवत होती. त्या जागी पाच वॉटचे तीन बल्ब आले, म्हणजे जेमतेम चौदाशे ल्युमेन. त्यातला काही भाग दुधी काचेने अडवला, आणि रंगकामात एक भिंत गडद निळी केल्यामुळे आणखी काही तिने शोषून घेतला. घरच्यांना उजेड कमी वाटत होता यात नवल नाही. तो खरोखरच निम्म्याच्या आसपास आला होता.

मग किती ल्युमेन हवेत? हॉलमध्ये बसणे, बोलणे, पाहुण्यांचा पाहुणचार आणि मुलांचा अभ्यास हे सगळे चालते असे धरले, तर एका चौरस मीटरवर साधारण १२० ल्युमेन पोहोचावेत, म्हणजेच १२० लक्स, हे मला योग्य प्रमाण वाटते. अकरा बाय पंधरा फूट म्हणजे १६५ चौरस फूट, त्याला १०.७६ ने भागले की सुमारे १५.३ चौरस मीटर होतात. १५.३ गुणिले १२० म्हणजे साधारण १,८४० ल्युमेन. हा आकडा बसण्याच्या उंचीवर प्रत्यक्ष पोहोचायला हवा असलेल्या प्रकाशाचा आहे. काच, धूळ, भिंती, छत आणि पडदे यांच्यात वाटेत जे कमी होते ते जमेस धरून घरगुती हिशेबासाठी मी ही संख्या दुप्पट करतो. म्हणून बल्बांच्या खोक्यांवरच्या ल्युमेनची बेरीज ३,७०० च्या आसपास यायला हवी. भिंती पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाच्या असतील, तर थोडे कमी चालते. गडद रंग किंवा पूर्ण बंद दुधी डोम असेल, तर थोडे अधिक लागते.

सरळ मार्ग असा दिसतो की तिन्ही वाट्यांत बारा-बारा वॉटचे बल्ब लावावेत, म्हणजे ३,६०० ल्युमेन होतील. तो मार्ग मी सुचवला नाही, आणि त्याचे कारण उष्णता आहे. एलईडी बल्बची टोपी वर आणि घुमट खाली असतो तेव्हा बल्बची सगळी उष्णता वर, म्हणजे नेमकी जिथे त्याचे ड्रायव्हर सर्किट बसवलेले असते तिथे साठते. त्या सर्किटमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा बल्बचा सर्वांत नाजूक भाग. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा ठोकताळा इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि बल्ब त्या स्लॅबला चिकटूनच टांगलेला असतो. त्यातही फिटिंग पूर्ण बंद डोमचे असेल, तर आतली हवा बदलतच नाही. खोक्यावर ‘बंद फिटिंगसाठी योग्य नाही’ अशा अर्थाची सूचना असेल, तर ती याच कारणासाठी असते.

उष्णतेने बिघडणारा बल्ब ओळखणे अवघड नाही. संध्याकाळी लावल्यावर तो ठीक चालतो, अर्ध्या-पाऊण तासाने लुकलुकू लागतो किंवा विझतो, आणि बटण बंद करून तो गार होऊ दिला की पुन्हा पूर्ववत लागतो. होल्डर सैल असल्यास लुकलुकणे वेळ पाहून येत नाही. पंख्याचा वेग वाढवला किंवा दार आपटले की ते दिसते. या दोन लक्षणांत गल्लत झाली की माणूस होल्डर ठीक असताना होल्डर आणि बल्ब ठीक असताना बल्ब बदलत राहतो.

फिटिंगवर ‘कमाल ४० वॉट’ असे लिहिलेले असले, तरी तो आकडा बहुधा जुन्या तापणाऱ्या बल्बला उद्देशून फिटिंगची वायर, प्लास्टिक आणि काच वाचावी म्हणून दिलेला असतो. त्यावरून एलईडी बल्ब आत किती सुखाने राहील हे कळत नाही. खालून उघड्या वाटीत नऊ वॉटचा साधा बल्ब सहसा चांगला टिकतो. पूर्ण बंद डोममध्ये मात्र मी पाच ते सात वॉटच्या पुढे जात नाही आणि उरलेला उजेड दुसरीकडून आणतो.

त्या घरातही हेच केले. चपट्या जिभेचा मधला होल्डर बदलला, कन्व्हर्टर काढून टाकले, वायरी सुलट केल्या, आणि आट्यांच्याच टोपीचे नऊ वॉटचे तीन बल्ब लावले. त्यांचे २,७०० ल्युमेन झाले. उरलेल्या हजारासाठी समोरच्या फिक्या भिंतीवर, छतापासून वीतभर खाली, दोन फुटी, दहा वॉटचा एलईडी बॅटन लावला. अशी विभागणी केल्याचा दुसरा फायदा म्हणजे सगळा प्रकाश एका बाजूने येत नाही, त्यामुळे वाचताना स्वतःचीच सावली पानावर पडत नाही.

जागेबद्दल एवढेच, की पंखा मधोमध असलेल्या हॉलमध्ये छताचा दिवा पात्यांच्या घेराला लगटून, पात्यांपेक्षा वर बसवू नये. तसे केल्यास फिरत्या पात्यांची सावली भिंतीवर सतत फडफडते. असे फडफडणे दिसले तर पंखा बंद करून पाहावे. ते थांबले, तर बल्बात काही दोष नाही.

रंग जुळत का नाही

प्रकाशाचा पिवळसर किंवा निळसरपणा केल्विनमध्ये मोजतात आणि त्याचा क्रम आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. आकडा लहान तितका प्रकाश पिवळसर, मोठा तितका निळसर. २,७०० ते ३,००० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला. ४,००० च्या आसपास मधला पांढरा, ज्याला ‘नॅचरल’ किंवा ‘न्यूट्रल व्हाइट’ म्हणतात. आणि ६,५०० म्हणजे ‘कूल डेलाइट’. नवी पेठेत किंवा गल्लीतल्या दुकानात नुसता ‘नऊ वॉटचा एलईडी’ मागितला, तर हातात बहुधा ६,५०० चाच पडतो, कारण खप त्याचाच जास्त आहे. या घरात आधीचे दोन बल्ब ३,००० चे होते आणि नंतरचा एक असा न सांगता आणलेला होता. विसंगती त्यातून आली.

‘पांढऱ्या बल्बचा उजेड जास्त’ ही समजूत या घरातही होती. एकाच मालिकेतल्या थंड आणि पिवळसर बल्बांच्या ल्युमेनमध्ये थोडा फरक असतो हे खरे, पण हॉल अंधारा राहावा इतका तो नसतो. अंधारेपणा ल्युमेनने सोडवावा आणि रंग स्वतंत्रपणे ठरवावा. दोन्ही प्रश्न एकाच उपायाने सुटतील असे समजून ६,५०० चे बल्ब लावले, की खोली उजळत नाही आणि वर दवाखान्यासारखी दिसू लागते.

रंग ठरवताना खोलीत काय पाहायचे आहे हे लक्षात घ्यावे. त्या घरी दिवाणावर मरून आणि पिवळ्या नक्षीची सोलापुरी चादर अंथरलेली होती. ६,५०० केल्विनच्या बल्बाखाली तिचा मरून रंग मळकट तपकिरी दिसत होता, कारण त्या प्रकाशात लाल रंगाचा वाटा कमी असतो आणि स्वस्त बल्बांत तो आणखी घटतो. यासाठी खोक्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा पाहावा. तो १०० पैकी असतो आणि वस्तूचे रंग किती खरे दिसतील हे सांगतो. हॉलसाठी ८० च्या खाली जाऊ नये; ९० चा मिळाल्यास लाल रंग आणि माणसांच्या चेहऱ्यांची कांती यांत फरक लगेच जाणवतो. याच चादरीची घडी हातात धरून दोन बल्बांखाली तुलना करता येते, आणि माझ्या मते दुकानातल्या उजळ काउंटरवर बल्ब लावून पाहण्यापेक्षा ती कसोटी अधिक भरवशाची आहे.

त्या कुटुंबात मुलांचा अभ्यास हॉलमध्येच होत असल्यामुळे वाट्यांतले तिन्ही बल्ब आणि बॅटन ४,००० केल्विनचे घेतले. आजोबांना रात्री इतका पांढरा प्रकाश नको होता, म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या पिनच्या होल्डरवर ३,००० केल्विनचा एक पाच वॉटचा बल्ब वेगळ्या बटणावर ठेवला. दोन रंग एका खोलीत चालतात, मात्र ते एकाच फिटिंगमध्ये नसावेत आणि एकाच वेळी लावायचे नसावेत.

वेगळा बल्ब नसलेले, एलईडी आतच बसवलेले सपाट पॅनेल घ्यायचा विचार असेल, तर होल्डरचा प्रश्न मिटतो, पण बिघाड झाल्यावर बल्ब बदलण्याची सोयही जाते. त्यात बहुधा आधी ड्रायव्हरच जातो. नवा ड्रायव्हर घेताना नुसता वॉटचा आकडा जुळून चालत नाही. जुन्या ड्रायव्हरवर छापलेला मिलीॲम्पियरमधला आउटपुट करंट तंतोतंत तोच असावा आणि व्होल्टची मर्यादाही जुळावी, नाहीतर पॅनेल मंद तरी लागते किंवा लवकर जळून जाते. वरच्या मजल्यावर असे पॅनेल पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवताना ड्रायव्हर पॅनेलच्या पाठीवर न ठेवता थोडा बाजूला सरकवून ठेवायला वायरमनला सांगावे.

काम झाल्यावर उजेड पडताळायचा असेल, तर रात्री खिडक्यांचे पडदे ओढून मोबाइलवरील लक्स मोजणारे ॲप सोफ्याच्या बैठकीच्या उंचीवर, स्क्रीन वर करून ठेवावे. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, म्हणून त्याचा आकडा अंतिम मानू नये. पण जुन्या आणि नव्या मांडणीची तुलना एकाच मोबाइलने, एकाच जागी केली तर ती पुरेशी खरी असते. बदलापूर्वीचे मोजमाप आधीच लिहून ठेवावे लागते, आणि त्याच कागदावर टोपीचा प्रकार, ल्युमेन, केल्विन आणि सीआरआय हे चार आकडेही उतरवून घ्यावेत. पुढच्या वेळी बल्ब आणायला घरातले कोणीही गेले, तरी तोच कागद दुकानदारापुढे ठेवता येतो.